टायर काळा का, त्यावर खाचा कशाला, आणि तो रस्ता धरतो कसा?

पाऊस सुरू व्हायच्या आधी ताईची स्कूटर टायरच्या दुकानात नेली होती. मागचा टायर पार गोटा झाला होता. सोबत माझी भाची होती, नुकतीच चौथीत गेलेली. दुकानदार जुना टायर रिममधून काढत होता तोवर ती भिंतीला टांगलेले नवे टायर बघत फिरली आणि येऊन म्हणाली, "मामा, एवढ्या मोठ्या दुकानात एकही लाल टायर नाही?"

मग तिने नव्या टायरच्या खाचांतून बोट फिरवलं. "आणि हे रस्ता पकडायला असतं ना? मांजरीच्या नखांसारखं?"

दुकानदाराने हसून मान डोलावली. मला मात्र नाही म्हणावं लागलं. खाचा म्हणजे नखं, असं बहुतेक मोठ्या माणसांनाही वाटतं. कोरड्या डांबरी रस्त्यावर ते खरं नसतं. तिथे खाच नसलेला, सपाट टायर जास्त घट्ट धरतो. असं असेल तर खाचा पाडायच्या तरी कशाला? हे कळायला आधी टायर कशाचा असतो ते बघावं लागतं, म्हणून तिच्या पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू.

रबर मुळात काळं नसतंच. सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला रबराच्या बागा आहेत. तिथे पहाटे झाडाच्या सालीवर तिरका काप देतात आणि खाली वाटी अडकवतात. काप दिला की त्यातून चीक पाझरतो, फणसाच्या चिकासारखा, पण दुधासारखा पातळ आणि पांढराशुभ्र. तो गोठवून, लाटून, वाळवला की पिवळसर रबराचा पापुद्रा तयार होतो. या नुसत्या रबराचा टायर केला तर तो उन्हात चिकट होईल आणि थंडीत कडक. चार्ल्स गुडइयर नावाच्या अमेरिकन माणसाला १८३९ मध्ये यावर तोड सापडली. रबरात गंधक घालून ते तापवलं की ते उन्हातही चिघळत नाही आणि ताणून सोडलं की परत जागेवर येतं.

पहिले टायर या अशा रबराचेच होते. त्यात झिंक ऑक्साइडची पूड घालत. क्रिकेटपटू नाकावर पांढरा पट्टा ओढतात ना, त्या मलमात असते तीच पूड. त्यामुळे ते टायर पांढरट दिसत. मिशेलिन या फ्रेंच टायर कंपनीच्या जाहिरातीतला गुबगुबीत माणूस तुम्ही पाहिला असेल. तो टायरच्या चळतीचाच बनलेला आहे, तरी पांढरा आहे, कारण तो १८९८ सालचा आहे. तेव्हा टायर काळे नव्हतेच!

ते काळे झाले काजळीमुळे. काजळी म्हणजे अगदी आजी घरी काजळ पाडायची तीच. तुपाचा दिवा लावायचा, त्यावर तांब्याची ताटली थोड्या अंतरावर उपडी धरायची, आणि थोड्या वेळाने ताटलीच्या पोटाला मखमलीसारखा काळा थर धरलेला दिसायचा. ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही की तूप किंवा तेल पूर्ण जळत नाही आणि उरलेला कार्बन काजळी होऊन वर जातो. हे बघायचं असेल तर घरातल्या मोठ्या माणसाला मेणबत्तीच्या ज्योतीत क्षणभर स्टीलचा चमचा धरायला सांगा. चमचा निवल्यावर बोट फिरवा. बोटाला जे लागेल ते टायरमध्ये असतं. कारखान्यात तुपाऐवजी पेट्रोलियमचं जाड तेल मोठ्या भट्टीत कमी हवेत जाळतात आणि निघालेली काजळी गोळा करतात. तिचं कारखान्यातलं नाव कार्बन ब्लॅक.

लंडनच्या सिल्व्हरटाउन भागातल्या एका रबर कारखान्यात एस. सी. मोट आणि त्याच्या सहकाऱ्यांना १९०४ मध्ये लक्षात आलं, की रबरात काजळी मिसळली तर ते नुसतं काळं होत नाही, कितीतरी मजबूतही होतं. रंग बदलायला काजळी आधीही कुणी घातली असेल, पण ही ताकदीची गोष्ट तिथे उघड झाली. पुढे गुडरिच या अमेरिकन कंपनीने ती उचलली. त्यांना काजळी पुरवणारी कंपनी होती बिनी अँड स्मिथ, म्हणजे क्रेयॉला हे मेणाचे रंगीत खडू बनवणारी कंपनी. खडूंच्या आधीपासून त्यांचा धंदा काजळीचाच होता. भाचीला टायरच्या सगळ्या इतिहासातली ही एकच गोष्ट आजही आठवते.

काजळीने रबर मजबूत होतं ते कसं? रबर आतून बघता आलं असतं तर शेवयांच्या गुंत्यासारखं दिसलं असतं, लांबच लांब धागे एकमेकांत अडकलेले. गंधक या धाग्यांना अधूनमधून गाठी मारतं. आता टायर रस्त्यावर घासतो तेव्हा काही धागे जोरात ओढले जातात. एक धागा तुटला की त्याचा भार शेजारच्या धाग्यावर येतो, मग तोही तुटतो, आणि बघता बघता रबराचा कण निघून येतो. खोडरबरातून वहीवर चुरा पडतो तो असाच. काजळीचा एकेक कण मात्र इतका बारीक असतो, की केसाच्या जाडीवर असे हजार-दोन हजार कण शेजारी शेजारी बसतील. रबराचे धागे या कणांना घट्ट चिकटतात, आणि एकाच कणाला कितीतरी धागे. मग एक धागा ओढला गेला तर कणाला चिकटलेले बाकीचे धागेही ओझं वाटून घेतात. रस्सीखेचीत एकट्याने दोर धरणं आणि मागे दहा जण असणं, असा हा फरक आहे.

टायरचा जो भाग रस्त्याला लागतो त्याच्या मिश्रणात दर शंभर ग्रॅम रबरामागे साधारण पन्नास ग्रॅम काजळी असते. म्हणजे चिमूटभर रंग टाकल्यासारखं नाही, वरणात भात कालवल्यासारखं! एवढ्या काजळीमुळे टायर अनेक पटींनी जास्त टिकतो. शिवाय ती ऊन शोषून घेते. खिडकीत पडलेला रबरबँड उन्हाने कडक होऊन तडकतो, ताणला की तुटतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. टायर तर बारा महिने उन्हात उभा असतो. काळा नसता तर त्याच्याही अंगावर लवकर भेगा पडल्या असत्या.

मग लाल टायर बनतच नाही का? बनतो की. सायकलींना रंगीत टायर मिळतात. आणि खाण्याचे पदार्थ बनवणाऱ्या कारखान्यांत सामान उचलणाऱ्या गाड्यांना मुद्दाम पांढरे किंवा करडे टायर लावतात, फरशीवर काळे ओरखडे उठू नयेत म्हणून. त्यांत काजळीऐवजी सिलिका घालतात. सिलिका म्हणजे वाळूत असतो तोच पदार्थ, पण अतिशय बारीक पूड केलेला. तिचा रंग पांढरा असतो. हल्लीच्या मोटारींच्या टायरमध्येही बरीच सिलिका असते, कारण तिच्यामुळे ओल्या रस्त्यावर पकड चांगली राहते आणि इंधन थोडं वाचतं. तरी ते टायर काळेच दिसतात, कारण थोडी काजळी ठेवलेलीच असते. आणि खरं सांगायचं तर लाल टायर पहिल्याच चिखलात कसा दिसेल याचा विचार करा.

तेवढ्यात भाचीने नव्या टायरवरचे बारीक रबरी केस उपटायला सुरुवात केली होती. तेही सांगून टाकतो. टायर साच्यात तापवून घडवतात. साच्यातली हवा बाहेर जावी म्हणून साच्याला बारीक भोकं असतात. हवेमागोमाग थोडं रबरही त्या भोकांत शिरतं, आणि टायर बाहेर काढला की ते केसांसारखं लोंबत राहतं. त्यांचा पुढे काही उपयोग नसतो. खुशाल उपटा.

आता पकडीकडे येऊ. त्यासाठी आधी टायर रस्त्याला लागतो तरी किती, ते मोजू. घरी सायकल असेल तर हे करून बघा. गणिताच्या वहीतला चौकटीचा कागद मागच्या चाकाखाली ठेवा. टायरला रंगीत खडूची पूड ओली करून फासा. कुणीतरी सायकल घट्ट धरू दे, आणि तुम्ही सीटवर बसून लगेच उतरा. कागदावर रंगीत ठसा उमटेल. तो पेन्सिलीने गिरवा आणि आत एक सेंटिमीटरच्या किती चौकटी बसतात ते मोजा.

आमच्याकडे उत्तर आलं चौदा. लाडवाएवढा, पण लांबट ठसा. भाचीला पटेना की एवढ्याशा जागेवर ती आणि सायकल उभी असते. मग आम्ही हिशोब केला. ती आणि सायकल मिळून पंचेचाळीस किलो, त्यातले साधारण सत्तावीस किलो मागच्या चाकावर. टायरमध्ये हवा तीस पीएसआय. पीएसआय हा हवेचा दाब मोजायचा आकडा, आणि तीस पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण २.१ किलोचा रेटा. आता २७ ला २.१ ने भागा. तेरा येतात, म्हणजे चौदाच्या अगदी जवळ. गाडी खरोखर हवेवर उभी असते, आणि ठशाच्या प्रत्येक चौकटीखाली हवा आपापल्या वाटणीचे दोन किलो उचलत असते. मग आम्ही हवा कमी करून तीच गोष्ट पुन्हा केली. ठसा मोठा झाला, कारण प्रत्येक चौकट आता कमी उचलत होती आणि म्हणून जास्त चौकटी लागत होत्या. तुमचं उत्तर हिशोबाशी तंतोतंत जुळणार नाही, कारण टायरचं जाड कापड आणि कडाही थोडं वजन पेलतात.

हाच हिशोब स्कूटरला लावला की मागे एक माणूस बसलेलं असतानाही मागच्या टायरचा ठसा सुमारे पन्नास चौरस सेंटिमीटरचा निघतो, पुढच्याचाही जवळपास तेवढाच. भाचीने आपला तळहात बोटं वगळून मोजला. तोही तेवढाच निघाला. म्हणजे आईची स्कूटर तिच्या दोन तळहातांवर शाळेत जाते. ब्रेक लावणं, वळणं, थांबणं, सगळं त्या दोन तळहातांनी करायचं.

गंमत म्हणजे हा ठसा रस्त्यावर घसरत नसतो. चाक गरगर फिरतं, गाडी पळते, पण टायरचा जो भाग या क्षणी रस्त्याला टेकलाय तो रस्त्याच्या मानाने जवळजवळ थांबलेला असतो. पटत नाही? ओल्या मातीतून सायकल न्या आणि मागे वळून बघा. टायरची नक्षी जशीच्या तशी उमटलेली दिसते, शिक्का मारल्यासारखी. टायर घसरत असता तर नक्षी पुसली गेली असती. आता जोरात ब्रेक दाबून चाक पक्कं अडवा. नक्षीच्या जागी सलग ओरखडा दिसेल. त्या ओरखड्यात टायर खरंच घसरला, आणि घसरणारा टायर टेकलेल्या टायरपेक्षा कमी धरतो. नव्या गाड्यांमध्ये एबीएस असतं ते चाक असं अडकू नये म्हणूनच.

टेकलेलं रबर रस्ता धरतं ते दोन प्रकारे. एक म्हणजे चिकटून. रबर मऊ असल्यामुळे ते डांबरातल्या खडीला इतकं लगटून बसतं, की दोघांचे अणू एकमेकांना हलकेच ओढू लागतात. ही ओढ फार थोडी असते, पण जागोजागी असते. रस्ता स्वच्छ आणि कोरडा असेल तरच ती चालते. मध्ये पाण्याचा किंवा धुळीचा थर आला की संपली.

दुसरा प्रकार मला जास्त आवडतो. रस्त्यावरून हात फिरवून बघा, तो कधीच गुळगुळीत नसतो. खडीची टोकं वर आलेली असतात आणि रबर त्यांच्याभोवती दबतं. आता एक उसळी मारणारा चेंडू आणि एक खोडरबर सारख्याच उंचीवरून टाका. चेंडू टणकन वर येतो, कारण दबलं की तो लगेच फुगून परत येतो. खोडरबर थप्पकन पडतं आणि फारसं उसळत नाही. ते दबतं, पण परत यायला आळस करतं. टायरच्या वरच्या थराचं रबर मुद्दाम असं आळशी बनवतात. खडीचं टोक त्यात रुतून टायर थोडासा पुढे सरकायला बघतो, तेव्हा टोकाच्या एका बाजूला रबर दाबलं जातं आणि दुसऱ्या बाजूला ते वेळेवर परत फुगत नाही. मग एका बाजूने रेटा राहतो, दुसऱ्या बाजूने नाही. हा उरलेला रेटा गाडीला अडवतो. चपळ रबराने दोन्ही बाजूंनी सारखंच रेटलं असतं आणि हाती काही लागलं नसतं. या आळशीपणाची किंमतही असते. दबण्यात खर्च झालेली शक्ती उष्णता होते, म्हणून लांबच्या प्रवासानंतर टायर हाताला कोमट लागतो आणि पेट्रोल थोडं जास्त जातं. पकड आणि पेट्रोल यांच्या या ओढाताणीत टायर बनवणाऱ्यांचं आयुष्य जातं.

आता खाचा. वर जे सांगितलं त्यात खाचांना कुठे काम आहे? कुठेच नाही. उलट खाच म्हणजे जिथे रबर रस्त्याला टेकत नाही अशी जागा. म्हणूनच फॉर्म्युला वनच्या शर्यतीत कोरड्या दिवशी गाड्यांना एकही खाच नसलेले टायर असतात. पाऊस आला की मात्र सगळे धावत येतात आणि खाचांचे टायर चढवून जातात. आपल्या स्कूटरला दर सरीला टायर बदलता येत नाही, म्हणून ती बारा महिने पावसाळी टायर घालून फिरते.

खाच म्हणजे गटार आहे. पन्हळ म्हणा हवं तर. टायरसमोर साचलेल्या पाण्याला पळायला वाट हवी असते. किती पाण्याला, ते बघा. मोटारीचा टायर रस्त्याला साधारण १४ सेंटिमीटर रुंद टेकतो. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी आहे आणि गाडी ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला वीस मीटर जाते आहे असं समजा. तर एका टायरला एका सेकंदात १४ सेंटिमीटर रुंद, तीन मिलिमीटर जाड आणि वीस मीटर लांब अशी पाण्याची पट्टी बाजूला करावी लागते. गुणाकार केला तर आठ लिटरच्या वर पाणी होतं. अर्धी बादली पाणी, एका सेकंदात, एका टायरने! थोडं टायरच्या पुढून आणि बाजूने उडतं, जे राहतं ते खाचांत शिरतं. मधल्या लांब खाचा ते मागे सोडतात, तिरक्या खाचा कडेला ढकलतात. मधल्या रबराच्या गादीखाली पाणी उरत नाही आणि ती खडीवर टेकते. ती टेकली की चिकटणं आणि आळस पुन्हा सुरू.

टायर गोटा असेल तर पाणी जाणार कुठे? ओट्यावर थोडं पाणी असताना गरम पाण्याने विसळलेला स्टीलचा पेला उपडा ठेवा. कधी कधी तो आपोआप सरकत जातो, कुणी हात न लावता. आतली हवा तापून फुगते, तिला बाहेर पडायला वाट नसते, मग ती पेल्याला किंचित उचलते आणि पेला पाण्याच्या पातळ थरावर तरंगतो. पेल्याच्या काठाला एक खाच असती तर हवा तिथून निघून गेली असती आणि पेला जागच्या जागी बसला असता. गोट्या टायरचं असंच होतं. पाणी पळू शकत नाही, टायरखाली पाचरीसारखं घुसतं आणि टायरला उचलतं. चालवणारा हँडल किंवा स्टिअरिंग वळवतो, पण चाक रस्त्याला लागलेलंच नसल्यामुळे गाडी सरळ जात राहते. हे ओळखायची खूण म्हणजे स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. अशा वेळी जोरात ब्रेक मारायचा नसतो. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, वेग उतरला की टायर पुन्हा टेकतो. हवा कमी असलेला टायर यात लवकर फसतो, कारण पाण्याला बाहेर रेटणारा दाबच कमी पडतो. स्कूटरचा टायर अरुंद आणि गोलसर असल्यामुळे पाणी कापत जातो, तो मोटारीएवढा सहज तरंगत नाही. पण गोटा झाला की तोही ओल्या रस्त्यावर घसरतो.

भाचीची नखं एका ठिकाणी खरी ठरतात, शेतात. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला बोटभर उंचीचे तिरके उंचवटे असतात. ते मातीत रुततात आणि मातीलाच मागे रेटून ट्रॅक्टर पुढे जातो. तसंच मोटारसायकलीच्या, गाठीगाठींच्या बटण टायरचं. पण माती मऊ असते म्हणून तिथे नख रुततं. डांबरात नख रुतत नाही.

खाच किती उरली हे बघायला टायरवरच सोय असते. टायरच्या कडेला एक छोटा त्रिकोण किंवा टी-डब्ल्यू-आय ही इंग्रजी अक्षरं शोधा. तिथून सरळ वर, खाचेच्या तळाशी एक बुटका रबरी बांध दिसेल. आजूबाजूची गादी झिजून त्या बांधाच्या पातळीला आली की टायर संपला. आपल्या नियमांप्रमाणे दुचाकीला ०.८ मिलिमीटर आणि मोटारीला १.६ मिलिमीटर खाच तरी शिल्लक हवी. ताईच्या टायरचा बांध आम्हाला सापडलाच नाही, कारण तोही झिजून गेला होता.

"मग एवढं रबर गेलं कुठे?" भाचीने विचारलं. हा प्रश्न मला सुचला नव्हता. आम्ही टायरच्या दुकानातच बिलाच्या मागे हिशोब मांडला. स्कूटरच्या टायरचा घेर सुमारे १.३६ मीटर. झिजलं साधारण पाच मिलिमीटर. टायर वीस हजार किलोमीटर चालला होता, म्हणजे जवळपास दीड कोटी वेळा फिरला. पाच मिलिमीटरचे दीड कोटी भाग केले तर एका फेरीत जेवढा थर जातो तो एक-दोन अणूंच्या जाडीएवढाच असतो. पण सगळं मिळून चारेकशे ग्रॅम रबर होतं, आणि ते सगळं ताईच्या शाळा-ऑफिसच्या रस्त्यावर सांडलं होतं. काळी, न दिसणारी पूड.

ती तिथेच पडून राहते. उन्हाळाभर तिच्यावर धूळ बसते, गाड्यांमधून ठिबकलेलं तेल बसतं. मग जूनमध्ये पहिली सर येते. मोठा पाऊस असेल तर तो सगळं धुऊन गटारात नेतो, पण पहिली पाच-दहा मिनिटं नुसतंच भिजतं, आणि पूड, धूळ नि तेल यांचा बुळबुळीत लेप तयार होतो. खडीच्या टोकांवर तो लेप बसला की कितीही नव्या खाचा असू देत, रबराला धरायला खडी मिळत नाही. ताशी चाळीसच्या वेगात कोरड्या चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून साधारण नऊ मीटरमध्ये थांबणारी स्कूटर या लेपावर वीस मीटरपर्यंत जाऊ शकते. नऊ मीटर म्हणजे दोन मोटारी एकामागे एक उभ्या केल्या तेवढं. वीस म्हणजे चार-पाच मोटारी.

त्या वर्षी पहिली सर संध्याकाळी पाचला आली. ताईचा फोन आला की ती ऑफिसच्या दारात थांबली आहे, अर्ध्या तासाने निघेल. भाची फोनमध्ये ओरडून म्हणाली, "आई, तुझाच टायर आधी वाहून जाऊ दे!"